होम लोन फिटलं, मग सातबाऱ्यावरचा बँकेचा बोजा कसा कमी करून घेतला

आमचं घर पुण्याच्या पूर्वेला, हवेली तालुक्यातल्या एका गावात, एनए प्लॉटवर बांधलेलं. फ्लॅट नाही, त्यामुळे प्लॉटचा स्वतःचा सातबारा आहे आणि त्यावर बँकेचा बोजा होता. गेल्या वर्षी फेब्रुवारीत लोन पूर्ण फेडलं आणि मे महिन्यात सातबाऱ्यावरून बोजा गेला. मधल्या काळात काय काय करावं लागलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण मी शोधत होते तेव्हा सगळीकडे "बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट म्हणजे एनडीसी घ्या आणि तलाठ्याला द्या" एवढंच सापडायचं, आणि खरी अडचण नेमकी त्या दोन वाक्यांच्या मधे आहे.

आधी आमची केस सांगते. २०१४ ला २२ लाखांचं होम लोन, २०१८ ला वरचा मजला काढला तेव्हा त्याच बँकेकडून ५ लाखांचा टॉप-अप. लोन मी आणि मिस्टर दोघांच्या नावावर. ज्या सरकारी बँकेकडून घेतलं होतं ती १ एप्रिल २०२० ला दुसऱ्या मोठ्या बँकेत विलीन झाली (त्या दिवशी सहा सरकारी बँका चार बँकांमध्ये गेल्या, त्यातलीच एक), म्हणजे शाखा तीच, पाटी नवी. हे सगळं मुद्दाम सांगतेय, कारण टॉप-अप आणि विलीनीकरण या दोन्ही गोष्टी पुढे सातबाऱ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

जानेवारी २०२५ मध्ये शाखेत अर्ज देऊन फोरक्लोजर स्टेटमेंट मागवलं. फ्लोटिंग रेटचं वैयक्तिक होम लोन असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड घेता येत नाही, त्यामुळे आम्हाला तो लागला नाही. स्टेटमेंटमध्ये दोन खाती वेगवेगळी आली, मेन लोनचे ४ लाख १२ हजार आणि टॉप-अपचे १ लाख ३६ हजार. खाली बारीक अक्षरात एक ओळ असते ती नक्की वाचा, रोजचं व्याज. ८.९ टक्क्यांनी ४ लाख १२ हजारांवर वर्षाचं व्याज साधारण ३६,६६८ रुपये, भागिले ३६५, म्हणजे दिवसाला शंभर रुपये. टॉप-अपचे दिवसाला पस्तीस. स्टेटमेंट ज्या तारखेपर्यंतचं आहे त्याच्या दुसऱ्या दिवशी पैसे जमा झाले तर खात्यावर शंभर-सव्वाशे रुपये उरतात, आणि तेवढ्यासाठी सुद्धा खातं बंद होत नाही. आणि खातं बंद झालं नाही तर पुढची सगळी मुदत सुरूच होत नाही. म्हणून आम्ही १४ फेब्रुवारीला शुक्रवारी सकाळीच दोन्ही खात्यांत वेगवेगळे पैसे भरले, आणि संध्याकाळी शाखेत थांबून दोन्ही खात्यांची शिल्लक शून्य झालेली स्क्रीनवर बघूनच निघालो. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जायचा, त्याचं मँडेट रद्द करायचा वेगळा फॉर्म त्याच दिवशी दिला आणि पोच घेतली.

मुदतीचं सांगते. रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक आहे, १ डिसेंबर २०२३ पासून लागू. पूर्ण कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत बँकेने मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि जिथे जिथे चार्ज नोंदवलाय तिथून तो काढायचा, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागदपत्रं आपल्या शाखेतून घ्यायची की बँकेच्या दुसऱ्या एखाद्या ऑफिसमधून, हे ठरवायचा पर्यायही आपल्याला आहे. आमचे ३० दिवस १६ मार्चला संपत होते. मी पैसे भरले त्याच दिवशी एक साधा अर्ज दिला, दोन्ही खाती आजच्या तारखेला पूर्ण फिटली, मूळ कागदपत्रं अमुक शाखेत द्यावीत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घेतला. भांडायला नाही, पण तारीख कागदावर असली की शाखेतली मंडळीही वेळेत पाठपुरावा करतात. कागद शाखेत नसतातच, मोठ्या बँकांचे बहुतेक एका सेंट्रल गोदामात असतात आणि तिथून मागवावे लागतात.

नो ड्यूज सर्टिफिकेट आठवड्याभरात मिळालं, कागद ७ मार्चला आले.

कागद घेताना घाई करू नका. बँकेने लोन देताना जी कागदांची यादी दिलेली असते ती घरून घेऊन जा. खरेदीखत मूळ, त्याची नोंदणीची पावती, इंडेक्स टू, आधीच्या मालकांची खरेदीखतं, एनए ऑर्डर, मंजूर नकाशा, असं एकेक करून टिक करायचं. खरेदीखत जाड असतं, आपण पहिलं आणि शेवटचं पान बघून ठेवून देतो, पण नोंदणी झालेल्या दस्ताच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकाचा शिक्का असतो, त्यात दस्त क्रमांक, वर्ष, पान नंबर आणि एकूण पानं असतात. त्यावरून सगळी पानं मोजा. आम्ही शाखेतल्या टेबलावरच मोजली, अर्धा तास गेला, मॅडम समोर बसून होत्या आणि त्यांनाही ते बरंच वाटलं कारण त्यांनाही आमची सही घ्यायची होती. एखादा कागद बँकेकडून हरवला असेल तर त्याची डुप्लिकेट किंवा सर्टिफाइड कॉपी काढायला मदत करायची आणि खर्च सोसायचा हेही त्याच परिपत्रकात आहे, पण त्यासाठी "सगळे कागद मिळाले" अशी सही आधी केलेली नको.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मला वाटत होतं एनडीसी हातात आलं म्हणजे सातबारा ही फक्त एक चक्कर आहे.

कागद आले त्या रात्री मी पंधरा रुपये भरून digitalsatbara.mahabhumi.gov.in वरून डिजिटल सहीचा सातबारा काढला आणि पहिल्यांदा "इतर अधिकार" हा रकाना नीट वाचला. तिथे एक नाही, दोन ओळी होत्या. एक २२ लाखांचा बोजा, २०१४ चा फेरफार. दुसरी ५ लाखांचा, २०१८ चा फेरफार. आणि दोन्हीकडे बँकेचं नाव जुनं, जी बँक आता अस्तित्वात नाही तिचं. बाजूला एनडीसी ठेवून बघितलं तर त्यात काय होतं, आमची नावं, लोन अकाउंट नंबर, "सदर खात्यावर कोणतीही बाकी नाही", नव्या बँकेचं नाव आणि शिक्का. म्हणजे सातबाऱ्यावर जे आहे त्यातलं एनडीसीवर काहीच नाही, आणि एनडीसीवर जे आहे ते सातबाऱ्यावर नाही. सातबाऱ्यावर लोन अकाउंट नंबर नसतो. तिसऱ्या माणसाने हे दोन कागद समोर ठेवले तर हे एकाच कर्जाबद्दल आहेत हे त्याला कळायला काही मार्ग नाही.

तरी मिस्टर म्हणाले, आधी टाकून तर बघू. बोजा कमी करायचा अर्ज आता ई-हक्क प्रणालीतून घरी बसून करता येतो, pdeigr.maharashtra.gov.in वर. मोबाइल नंबरने खातं उघडायचं, जिल्हा-तालुका-गाव निवडायचं, सातबाऱ्यासाठीचा फेरफार निवडायचा, प्रकारात "बोजा कमी करणे", मग आपला खाते नंबर आणि गट नंबर, आणि बँकेचं पत्र पीडीएफ करून जोडायचं. अर्ज थेट तलाठ्यांच्या लॉगिनला जातो (आता त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात अजून सगळे तलाठी भाऊसाहेबच म्हणतात). या अर्जाला आम्हाला फी लागली नाही. काही बँका त्यांच्या स्वतःच्या लॉगिनमधून हाच अर्ज करतात, तेव्हा आधी शाखेत विचारून बघा, आमच्या शाखेत तशी सोय वापरात नव्हती.

२० मार्चला अर्ज केला, २७ ला त्रुटी काढून परत आला. कारण लिहिलं होतं, पत्रात गट नंबर आणि बोजाच्या रकमेचा उल्लेख नाही. मी दुसऱ्या दिवशी सज्जावर जाऊन भाऊसाहेबांना भेटले. त्यांनी फार शांतपणे समजावून सांगितलं, म्हणाले, "ताई, तुम्ही कर्ज फेडलं यावर माझा विश्वास आहे, पण मला कर्ज कमी करायचं नाहीये, मला ही ओळ कमी करायचीये. मग ही ओळ पत्रात दिसायला पाहिजे ना." आणि त्यांनी सातबाऱ्यावरच्या त्या दोन ओळींवर पेन्सिलने खूण करून दिली. त्या एका वाक्याने माझं सगळं कोडं सुटलं. हे पत्र बँकेच्या भाषेत नको, सातबाऱ्याच्या भाषेत हवं.

त्याच सुमारास बाहेर एका एजंटने आठ हजारांत करून देतो म्हणून सांगितलं होतं. काय करणार विचारलं तर म्हणे बँकेतून पत्र आणतो. तेच पत्र आपल्यालाही आणता येतं, फक्त त्यात काय हवं ते माहीत पाहिजे.

मग मी पत्राचा मसुदाच टाइप केला. २०१८ चा फेरफार ऑनलाइन मिळाला, २०१४ चा हाताने लिहिलेल्या काळातला होता, त्याची नक्कल सज्जावर अर्ज देऊन घेतली. दोन्ही फेरफार हातात असले की बोजाची नोंद मूळ कुठल्या शब्दांत झालीय ते कळतं, आणि तेच शब्द पत्रात वापरता येतात. मसुद्यात साधारण हे घेतलं:

पत्र "मा. ग्राम महसूल अधिकारी, मौजे अमुक, ता. हवेली, जि. पुणे" यांच्या नावाने. "टू हूम सो एव्हर" असलेलं चालेलच असं नाही.

गाव, गट नंबर, प्लॉट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावर जसं आहे तसंच. सातबाऱ्यावर आर-चौ.मी. मध्ये असेल तर स्क्वेअर फूट लिहू नका.

दोघा कर्जदारांची नावं सातबाऱ्यावरच्या स्पेलिंगप्रमाणे. माझं नाव बँकेत माहेरच्या मधल्या नावाने होतं, तिथे "उर्फ" टाकून दोन्ही लिहिलं.

मग दोन परिच्छेद. पहिल्यात, फेरफार क्रमांक अमुक अन्वये रुपये २२,००,०००/- चा बोजा, कर्ज खाते क्रमांक अमुक, दिनांक १४/०२/२०२५ रोजी पूर्ण परतफेड. दुसऱ्यात तसंच ५,००,०००/- साठी. दोन्हीच्या शेवटी "सदर बोजा कमी करण्यास बँकेची हरकत नाही."

आणि एक ओळ विलीनीकरणाची, की फेरफारात नमूद असलेली पूर्वीची बँक १ एप्रिल २०२० पासून या बँकेत विलीन झालेली असून तिचे सर्व हक्क व येणी या बँकेकडे आहेत. सोबत भारत सरकारच्या राजपत्रातल्या ४ मार्च २०२० च्या अधिसूचनेची प्रत. ही प्रत मॅनेजर साहेबांनीच काढून दिली, त्यांना ती लगेच सापडली.

खाली अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा, शाखेचा शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांक विसरू नका, पत्राची खात्री करायला शाखेला फोन गेला तर तेवढ्यावरून सापडतं.

मार्चअखेर असल्यामुळे बँकेत कोणाला मान वर करायला फुरसत नव्हती. मॅनेजर म्हणाले आमचा फॉरमॅट ठरलेला आहे, वेगळा मजकूर देता येत नाही. हे उत्तर बहुतेकांना मिळणार, म्हणून सांगते काय चाललं: मी एनडीसी बदलून मागितलं नाही. एनडीसी त्यांच्या सिस्टीममधून निघतं, त्यात खरंच हात घालता येत नाही. मी म्हटलं हे एनडीसी तसंच राहू दे, मला महसूल खात्यासाठी लेटरहेडवर वेगळं पत्र हवंय, आणि भाऊसाहेबांनी काढलेली त्रुटी प्रिंट करून अर्जाला जोडली. लेखी त्रुटी बघितल्यावर त्यांनाही वरिष्ठांना विचारायला आधार मिळाला. ९ एप्रिलला पत्र हातात आलं, एक शब्दही न बदलता.

११ एप्रिलला पुन्हा ई-हक्कवर अर्ज, या वेळी दोन बोज्यांसाठी दोन अर्ज, दोन्हीला तेच पत्र, एनडीसी, राजपत्र आणि जुन्या फेरफारांच्या नकला. मूळ पत्र सज्जावर नेऊन दाखवलं. १६ तारखेला दोन्हीच्या फेरफार नोंदी धरल्या गेल्या आणि नंबर मिळाले. आता इथून पुढे थांबायचंच असतं. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि हरकत आली नाही तर मंडल अधिकारी म्हणजे सर्कल नोंद प्रमाणित करतात. तलाठ्यांनी नोंद धरली म्हणजे झालं असं नाही. त्या दिवसांत सातबारा काढला तर बोजा तसाच दिसतो आणि खाली प्रलंबित फेरफाराचा उल्लेख येतो, तो बघून घाबरू नका. नोटीस "आपली चावडी" वर ऑनलाइनही दिसते, तिथे गाव टाकून मी आमच्या दोन्ही नोंदी बघितल्या, त्यात गट नंबर बरोबर आहे ना एवढं याच वेळी तपासून घ्या, कारण प्रमाणित झाल्यावर चूक दुरुस्त करणं हा वेगळाच उद्योग होतो.

मुदत १ मेच्या आसपास संपली, सुट्ट्या आल्या, आणि ८ मेला सर्कल साहेबांनी दोन्ही नोंदी मंजूर केल्या. ९ मेला पुन्हा पंधरा रुपये भरून सातबारा काढला. नवीन पद्धतीत जुना बोजा पुसून टाकत नाहीत, त्या ओळीवर आडवी रेघ मारलेली दिसते. दोन्ही ओळींवर रेघ, शेजारी नवे फेरफार क्रमांक, आणि खाली "प्रलंबित फेरफार : नाही". मिस्टरांना फोन करून वाचून दाखवलं, अकरा वर्षांचं कर्ज होतं, फार हलकं वाटलं.

टॉप-अपवाल्यांना मुद्दाम सांगते, शेजारच्या गल्लीतल्या एका काकांचा असाच बोजा होता, त्यांच्या पत्रात फक्त मुख्य कर्जाचा उल्लेख होता, त्यामुळे एकच ओळ गेली. दुसरी राहिली ते त्यांना विकायला काढल्यावर, घेणाऱ्याच्या वकिलाने सातबारा वाचला तेव्हा कळलं. तोवर त्यांचं टॉप-अप खातं बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि बँकेत जुनं खातं शोधण्यापासून सुरुवात.

सातबाऱ्याशिवाय अजून दोन ठिकाणं बघितली. एक म्हणजे सरसाई, कर्जाच्या तारणांची केंद्रीय नोंदवही. तिथे बँकेने आपल्या घराचा चार्ज नोंदवलेला असतो आणि कर्ज फिटल्यावर बँकेनेच तो "सॅटिसफाय" करायचा असतो, आपल्याला करता येत नाही. शाखेला सांगून त्या नोंदीची प्रिंट मागा, दोन लोन असतील तर दोन प्रिंटा. आमची मेन लोनची झालेली होती, टॉप-अपची मागितल्यावर झाली. सर्वसामान्य माणसालाही तिथे दहा रुपये आणि जीएसटी भरून सर्च करता येतो.

दुसरं दुय्यम निबंधक. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतलं की त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे फाइल करावी लागते, आमची २०१४ ची आहे. ती फाइल झालेली नोटीस सर्चमध्ये पुढेही दिसत राहते. म्हणून नोटिशीची प्रत, एनडीसी आणि बँकेचं ते लेटरहेडवरचं पत्र अशी तिन्ही मी खरेदीखताच्या फाइलमध्ये एकत्र लावलीत, म्हणजे उद्या कोणी सर्च घेतला तरी उत्तर शेजारीच आहे. तुमचं मात्र नोटीस नसून नोंदणी केलेलं गहाणखत असेल, तर नुसतं पत्र पुरत नाही, बँकेबरोबर गहाणमुक्तीचा दस्त करून तोही नोंदवावा लागतो. तुमच्याकडे काय आहे ते इंडेक्स टू वर दस्ताच्या प्रकारात लिहिलेलं असतं.

सोसायटीतला फ्लॅट असेल तर तुमचा स्वतंत्र सातबारा नसतो, तिथे सोसायटीच्या दप्तरात बँकेचं लीन नोंदवलेलं असतं. माझ्या बहिणीचं कोथरूडमधलं असंच होतं, तिने बँकेचं पत्र सेक्रेटरींना दिलं, कमिटीच्या मीटिंगमध्ये ते घेतलं गेलं आणि लीन काढल्याचं सोसायटीचं पत्र तिने लिहून घेतलं. तिच्या पत्रातही फ्लॅट नंबर आणि शेअर सर्टिफिकेट नंबर आधी नव्हता, तो घालून घ्यावा लागला.